अकराशे शब्दांचा एसओपी पाचशेत बसवायचा आहे, पण गोष्ट जाऊ द्यायची नाही

सई_साक्रीकर

नमस्कार मंडळी. सिव्हिल इंजिनिअर आहे, गेली काही वर्षं धुळे जिल्ह्यात एका संस्थेत पाण्याच्या कामावर. अमेरिकेतल्या भूजलशास्त्राच्या संशोधनाच्या कोर्ससाठी एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं स्टेटमेंट ऑफ पर्पज, लिहिला होता, दोन पानं, साधारण 1100 शब्द. सरांनी वाचला, बरा झालाय म्हणाले.

आता नेदरलँड्समधल्या पाणी-व्यवस्थापनाच्या मास्टर्सलाही अर्ज करतेय. तो संशोधनाचा नाही. पाण्याचं नियोजन, कायदे, लोकांचा सहभाग असा अभ्यासक्रम आहे. तिथे मर्यादा 500 शब्दांची.

मूळ मजकुराची विभागणी अशी: लहानपण आणि गाव 180 शब्द, कॉलेज आणि प्रोजेक्ट 220, विहिरींच्या मोजणीचं काम 260, मॉडेलिंग 190, तिथले प्राध्यापक आणि त्यांची लॅब 170, पुढचे बेत 80.

प्रत्येक परिच्छेद निम्मा करून पाहिला. शब्द बसले, पण वाचलं तर बायोडेटा वाटतो. एकही गोष्ट धड सांगून होत नाही. कुठून कापायचं?

खवचट_काका

आधी 'लहानपणापासूनच मला' कापा. पन्नास शब्द जागीच सुटतील. पुढचं जाणकार सांगतील.

म्युनिककर

काका गंमत करतायत, पण मुद्दा बरोबर आहे. मी जर्मनीत मास्टर्स केलं. युरोपात गोष्टबिष्ट लागत नाही. ते बघतात की बॅचलर्सला कोणते विषय होते, किती क्रेडिट होते आणि त्यांच्या कोणत्या मॉड्यूलशी ते जुळतात. गाव, आजोबा, विहीर सगळं काढून टाक. तुझे विषय, त्यांचे विषय, नोकरीचा अनुभव, संपलं. माझं पत्र एका पानाचं होतं, त्यात एकही प्रसंग नव्हता. प्रवेश मिळाला.

उत्तरवाहिनी

म्युनिककर, तुमचं अर्धं पटतं. पात्रता तपासणारा माणूस क्रेडिटच मोजतो, पण तो ती गुणपत्रिकेवरून मोजतो, पत्रावरून नाही. त्या चाळणीतून वर आलेल्या अर्जांचं पत्र वाचलं जातं. मी इकडे युरोपात पोस्टडॉक असताना दोन हंगाम अशी पत्रं वाचली आहेत. विषयांची यादी गुणपत्रिकेत एकदा दिसलेली असते, तीच पत्रात आली की डोळा पुढे सरकतो.

सई, परिच्छेद निम्मे केल्यावर गोष्ट मरते, कारण प्रत्येक परिच्छेदाचा हेतू तोच राहतो आणि फक्त तपशील जातो. सहा गोष्टी अर्धवट सांगण्यापेक्षा एक पूर्ण सांगावी. पण कुठली, ते नवा कोर्स ठरवेल. विहिरींचा परिच्छेद जसाच्या तसा इथे टाकशील? ओळख पटेल असं काही असेल तर काढ.

अनघाची_आई

धागा अगदी वेळेवर आला! आमच्या मुलीला इंग्लंडला बॅचलर्सला जायचंय. तिथे तर 4000 अक्षरंच देतात, स्पेस धरून. आणि पाच विद्यापीठांना एकच मजकूर जातो म्हणे. मग प्रत्येकासाठी वेगळा छोटा एसओपी कसा करायचा?

कोष्टक

अनघाची आई, तुमचा प्रकार वेगळा आहे. यूकॅसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सामायिक प्रवेश-अर्जात, वेगवेगळी आवृत्ती करायचा प्रश्नच येत नाही. पाचही निवडींना तोच मजकूर जातो, म्हणून त्यात एकाही विद्यापीठाचं नाव घालू नका. शिवाय 2026 च्या प्रवेशापासून सलग निबंध गेला, आता तीन प्रश्न आहेत. प्रत्येकाला किमान 350 अक्षरं आणि तिन्ही मिळून कमाल 4000. सईचा प्रश्न मास्टर्सचा आहे.

अनघाची_आई

अगंबाई, तीन प्रश्न? क्लासवाल्यांनी तर निबंध लिहून घेतला! विचारते त्यांना.

सई_साक्रीकर

मूळ इंग्रजीत आहे, मराठी करून टाकतेय, त्यामुळे शब्दसंख्या जुळणार नाही.

> 'पावसाळ्यानंतर गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव पूर्ण झाला. त्यामुळे परिसरातली भूजल पातळी वाढेल अशी सर्वांची अपेक्षा होती. तलावाचा परिणाम तपासण्यासाठी मी नऊ विहिरींची पातळी दर पंधरवड्याला टेपने मोजू लागले. जानेवारीत तलावाजवळच्या पाच विहिरींत पाणी जमिनीपासून चार ते पाच मीटरवर होते, खालच्या चार विहिरींत मात्र नऊ ते दहा मीटरवर. उपलब्ध भूशास्त्रीय नकाशा पाहिल्यावर लक्षात आले की विहिरींच्या दोन गटांमधून एक डाईक, म्हणजे खडकाच्या भेगेत थिजलेल्या लाव्हाची उभी भिंत, जातो. शेतात फिरल्यावर त्याची काळ्या दगडांची सरळ रांग दोन ठिकाणी उघडी दिसली. आमच्या निरीक्षणातल्या विहिरींपुरते पाहता हा डाईक पाण्याच्या प्रवाहाला अडथळा ठरत असावा. या निष्कर्षांची मांडणी मी ग्रामसभेतही केली. यातूनच डाईकच्या दोन्ही बाजूंच्या भूजल प्रवाहाचे मॉडेल तयार करण्याची इच्छा निर्माण झाली.'

उत्तरवाहिनी

छान. आता सांग, ग्रामसभेत काय झालं?

सई_साक्रीकर

काय होणार! वरच्या आळीतले खूश, खालचे चिडलेले. मी नकाशा भिंतीला लावला, डाईकची रेघ दाखवली. खालच्या आळीतले एक आजोबा उठले आणि म्हणाले, "बाई, हा नकाशा तलावाआधी नव्हता का?" होता. जुनाच होता. जागा ठरवताना कोणी उघडून पाहिला नव्हता, कारण वरच्या अंगाची जमीन सरकारी होती, संपादनाची कटकट नव्हती. पुढची सभा त्यावरच गाजली.

खवचट_काका

हे 1100 शब्दांत कुठे होतं?

सई_साक्रीकर

'निष्कर्षांची मांडणी मी ग्रामसभेतही केली.' एवढंच. संशोधनाच्या कोर्सला त्याचं काय, असं वाटलं तेव्हा.

उत्तरवाहिनी

आणि तेव्हा ते बरोबरच होतं. त्या एसओपीचा नायक डाईक होता: पाणी कसं अडतं, मॉडेल कसं करायचं. नव्या कोर्सचा प्रश्न आहे की माहिती असताना निर्णय चुकीचा का होतो. त्याचं उत्तर तुझ्या ग्रामसभेच्या एका ओळीत आहे. म्हणजे छोटी आवृत्ती करताना एक ओळ तुला वाढवावी लागणार आहे. ती वाढली की बाकी काय कापायचं ते आपोआप दिसेल. या कोर्सला 190 शब्दांचं मॉडेलिंग कशाला? एका वाक्यात उरकेल. प्राध्यापकांचे 170 पूर्ण जातील. ते त्या लॅबपुरते होते, त्यांना 'लहान' करून काहीच उरत नाही. कॉलेज गुणपत्रिकेत आहे. लहानपणातून आजोबांची विहीर वगैरे असेल तर तीही जाऊ दे, कारण नऊ विहिरी पुढे येतातच.

जुनी फाईल उघडून त्यातून खोडत बसू नको. कोरं पान घे, ग्रामसभेतला तो प्रश्न मध्ये लिही. त्याच्या आधी वाचणाऱ्याला काय कळायला हवं आणि त्यानंतर तू काय करायला निघालीस, एवढंच भर. जुन्या मजकुरातले आकडे तेवढे उचल.

म्युनिककर

पण 'हाच कोर्स का' हा भाग तरी लागेलच ना? मॉड्यूलची नावं त्यात येणारच.

उत्तरवाहिनी

येणार, पण दोन पुरेत. आणि तो भाग जुन्यातून कापून मिळत नाही, नव्यानेच लिहावा लागतो. इथेच लोक फसतात. लॅबचं नाव बदलून कोर्सचं नाव घालतात, वाक्य तेच. 'आपल्या संशोधनातील योगदान' असं संशोधनाच्या नसलेल्या, वर्गात शिकवण्याच्या मास्टर्सच्या पत्रात आलं की कळतं, हे दुसऱ्याच्या घरचं पत्र आहे.

लातूरचा_मी

मलाही हाच प्रश्न पडलाय म्हणून घुसतो. माझ्या एसओपीची सुरुवात 2016 च्या पाण्याच्या रेल्वेने आहे. मिरजेहून लातूरला टँकरची गाडी आली, एप्रिलमध्ये. आम्ही तेव्हा शाळेत होतो. ती ठेवू का कापू?

खवचट_काका

मराठवाड्यातून पाण्यावर शिकायला निघालेला प्रत्येक जण त्याच गाडीत बसून येतो. इंजिन बदला.

लातूरचा_मी

काका, तुम्हाला हसू येतं. आमच्या कॉलनीत महिना महिना नळ नव्हता. घडलंय ते खरं आहे, मग लिहू नको का?

उत्तरवाहिनी

खरं आहेच. पण वाचणाऱ्याला ती गाडी बातम्यांतून ठाऊक असू शकते, तुझं घर ठाऊक नाही. 1000 शब्दांत गाडीने सुरुवात करून घरापर्यंत पोचता येतं. 500 मध्ये गाडीच्या वर्णनातच शंभर शब्द संपतात आणि तू अजून फलाटावरच असतोस. तुमच्या कॉलनीत पाणी कोण वाटत होतं, कोणाला आधी मिळालं, असं तू स्वतः पाहिलेलं काही असेल तर तिथून सुरू कर. गाडी अर्ध्या वाक्यात येऊ दे.

लातूरचा_मी

हम्म. आमच्या मजल्यावर वाटपाची वही माझ्याकडे होती. पण गाडी पूर्ण काढायला मन होत नाही. बघतो.

पांझराकाठ

सईताई, साक्रीचं नाव वाचून राहवलं नाही. मी त्याच पट्ट्यातला. भूजल सर्वेक्षणात नोकरी केली, आता निवृत्त. धुळे-नंदुरबारकडे डाईकचं जाळंच आहे, शेतातून भिंतीसारखे सरळ जातात, मैलोन्‌मैल. पण एक सांगतो. प्रत्येक डाईक पाणी अडवतोच असं नाही. घट्ट असेल तर अडवतो. भेगाळलेला असेल, नाहीतर कडेचा बेसाल्ट फुटलेला असेल, तर त्याच्याच अंगाने पाणी वाहतं. त्या कडेला धरून घेतलेल्या विहिरींना बारमाही पाणी असलेलं मी पाहिलंय.

तुमच्या मूळ मजकुरात 'आमच्या निरीक्षणातल्या विहिरींपुरते' आणि 'असावा' असे शब्द आहेत. कापताना पहिले तेच जातील, कारण ते फुकट वाटतात. मग उरेल 'डाईक पाणी अडवतो'. कोणी भूशास्त्रवाला वाचायला बसला तर तिथेच पेन टेकवेल.

आणखी एक शंका. खालच्या चार विहिरी तलावाच्या आधीपासूनच खोल पाण्याच्या नव्हत्या कशावरून? आधीची मोजणी आहे?

सई_साक्रीकर

काका, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. आमची मोजणी तलाव झाल्यावरच सुरू झाली. आधीचं फक्त शेतकऱ्यांच्या आठवणीतलं. गावात भूजल विभागाची एक निरीक्षण विहीर आहे, वर्षातून चारदा मोजतात, पण ती वरच्या बाजूला. तिची पातळी तलावानंतर वाढलेली दिसते. खालच्या बाजूचा आधीचा आकडा नाही.

पांझराकाठ

मग 'खालच्या विहिरींना फायदा झाला नाही' हे तुम्हाला सिद्ध करता येत नाही. 'खालच्या विहिरींत पाणी खोलच होतं' एवढं म्हणता येतं. गोष्ट त्याने बिघडत नाही. आजोबांचा प्रश्न तसाच उभा राहतो.

कोष्टक

हे आवडलं. म्हणजे शब्द वाचवायचे तर विशेषणं आणि 'अत्यंत', 'खरोखर' काढा, पण 'असावा' राहू द्या.

पांझराकाठ

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण पांझरेवर फड पद्धत होती, अजून काही ठिकाणी आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी सोडायला पाटकरी नेमलेला. वरच्याला किती आणि खालच्याला किती हा तंटा गाव आपसात सोडवायचं. सईताईंच्या पत्रात हे यायलाच हवं. नेदरलँड्सवाल्यांना आवडेल, त्यांच्याकडेही पाण्याची स्वतःची मंडळं शेकडो वर्षं आहेत.

म्युनिककर

भारी आहे हे! घाल गं सई.

उत्तरवाहिनी

मी विरोधात. फड सुंदर विषय आहे, पण सईने फडावर काम केलेलं नाही. 500 शब्दांत दुसरी गोष्ट आली की पहिलीची हवा जाते. मुलाखत झाली तर तिथे जरूर बोल.

पांझराकाठ

असहमत. एका ओळीत येतं. भूजलाला फडासारखी व्यवस्था का नाही, हा खरा प्रश्न आहे. पाटातलं पाणी दिसतं, विहिरीचं दिसत नाही. त्यांच्या कोर्सचा विषय दुसरा काय आहे? पण पत्र त्यांचं, निर्णय त्यांचा.

बे_एरिया_बाई

उशिरा आले. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी दोन वेगळे निबंध मागतात. बर्कलीत स्टेटमेंट ऑफ पर्पज वेगळं आणि पर्सनल हिस्टरी स्टेटमेंट वेगळं. तिथे घर-गाव दुसऱ्यात जातं, पहिल्यात फक्त काम. सई, तुझ्या जुन्या एसओपीत लहानपणाचे 180 शब्द होते, त्या अर्जात असा दुसरा निबंध असेल तर तिथेही हलवता येतील. छोट्या पत्रातून कापलेलं फेकू नको, वेगळ्या फाईलीत ठेव. शिष्यवृत्तीच्या फॉर्मला तेच कामी येतं.

सई_साक्रीकर

सगळ्यांचे आभार. कोऱ्या पानावर लिहिलं. मधला भाग टाकते, मराठी करूनच.

> 'तलाव भरला. जानेवारीत त्याच्या जवळच्या पाच विहिरींत पाणी चार-पाच मीटरवर होते, खालच्या चार विहिरींत नऊ-दहा मीटरवर. मधून एक डाईक जातो आणि या ठिकाणी तो पाणी अडवत असावा. नकाशा घेऊन मी ग्रामसभेत गेले. खालच्या आळीतल्या एका शेतकऱ्याने विचारले, हा नकाशा तलावाआधी नव्हता का? होता. जागा निवडताना तो कोणी उघडला नव्हता, कारण ती जमीन सरकारी होती आणि लगेच मिळत होती. तोपर्यंत मला वाटत होते की गावाला कमी पडते ती माहिती. त्या सभेनंतर मी संस्थेत पहिली गोष्ट केली ती ही की, जागा ठरण्याच्या बैठकीत नकाशा आणि विहिरींचे आकडे ठेवायला सुरुवात केली. तीन गावांत जागा बदलली. एका गावात बदलली नाही, आणि तिथे मी निरुत्तर झाले: नुकसान कोणाचे होणार हे सर्वांना दिसत होते, तरी ज्यांचे होणार होते ते बैठकीला नव्हते.'

यानंतर 'म्हणून हा कोर्स', दोन मॉड्यूल, आणि शेवटी धुळ्यात परत येऊन काय करणार ते. एकूण 512 झाले. मॉडेलिंग एका वाक्यात आहे, फड नाही (काका, सॉरी, दोनदा घातला आणि काढला).

उत्तरवाहिनी

हे पत्र झालं. बारा शब्दांसाठी 'मी संस्थेत पहिली गोष्ट केली ती ही की' एवढं काढ, 'त्या सभेनंतर मी जागा ठरण्याच्या बैठकीत नकाशा आणि विहिरींचे आकडे ठेवायला सुरुवात केली' पुरतं. न बदललेलं गाव मात्र कापू नको, पुढे कितीही जागा कमी पडली तरी. कोर्स कशाला हवा ते तिथेच कळतं.

म्युनिककर

मान्य, माझ्या पत्रापेक्षा चांगलं आहे. पण निरुत्तर झाले असं लिहिणं कमकुवत दिसत नाही का? माझ्या मॅनेजरने हे खोडलं असतं.

उत्तरवाहिनी

नोकरीच्या अर्जात खोडावं. शिकायला निघालेल्या माणसाला सगळंच येत असेल तर तो कशाला येतोय?

कोष्टक

पेस्ट करण्याआधी एक. शब्दमर्यादा आहे की अक्षरमर्यादा ते फॉर्मवर परत बघ. अक्षरं मोजणारे काही फॉर्म नवीन ओळीला दोन अक्षरं धरतात, त्यामुळे वर्डमध्ये बसलेला मजकूर तिथे शेवटी कापला जातो आणि कोणी सांगत नाही. वर्डमधून आधी साध्या टेक्स्ट फाईलीत पेस्ट कर, तिथून फॉर्ममध्ये. सेव्ह झाल्यावर प्रिव्ह्यूमध्ये शेवटचं वाक्य वाच.

सई_साक्रीकर

शब्दमर्यादाच आहे. पण प्रिव्ह्यू बघते.

एक राहिलंच. शेवटच्या ओळीत 'धुळ्यात परत येऊन काम करणार' असं आहे. सर म्हणतात ठेव, मैत्रीण म्हणते सगळेच लिहितात, कोणी विश्वास ठेवत नाही.

बे_एरिया_बाई

मी लिहिलं होतं. बघा कुठे आहे मी.

पांझराकाठ

'परत येणार' काढा आणि कोणत्या कामावर येणार ते लिहा. न बदललेल्या त्या गावाच्या बैठकीला खालचे लोक कसे येतील, हे. गावाचं नाव घालायची गरज नाही.

उत्तरवाहिनी

काकांना अनुमोदन, पण शिष्यवृत्ती देणारे 'परत येणार' हे स्पष्ट शब्दांत शोधतात, असंही पाहिलंय. फक्त प्रवेशाचा अर्ज असेल तर काकांचं ऐक. शिष्यवृत्तीला तेच पत्र जाणार असेल तर दोन्ही ठेव, शब्द मॉड्यूलच्या भागातून काढ.

अनघाची_आई

क्लासवाले म्हणतात निबंधाचेच तीन तुकडे करून तीन प्रश्नांत टाका. हे चालेल का हो?

कोष्टक

नाही चालणार. नवा धागा काढा, तिकडे सविस्तर लिहितो.